मधली फळी काढताना: आठ असिस्टंट मॅनेजरांना काय, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं

नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत मी बरीच वर्षं एचआरचं काम केलं. एखादी अख्खी पायरी काढायचा निर्णय होतो तेव्हा हिशेब सहसा बरोबर असतो. घोळ होतो तो सांगण्यात. कोणाला आधी सांगायचं, कोणी सांगायचं आणि पहिल्या वाक्यात काय यायला हवं, हे कोणी ठरवत नाही. सकाळी मीटिंग होते आणि दुपारी तीनच्या बसमध्ये निम्मी खरी, निम्मी बनवलेली गोष्ट सीताबर्डीपर्यंत पोचते. ज्याचं पद गेलं त्याला घरूनच फोन येतो, "काय हो, खरं आहे का?"

खालची पद्धत एका उदाहरणावरून सांगते. उदाहरण नमुन्याचं आहे, पण त्यातली अडचण रोजची आहे. एका पॅकेजिंग कारखान्यात 260 माणसं आणि चार विभाग आहेत. प्रत्येक विभागाला एक मॅनेजर, त्याखाली असिस्टंट मॅनेजर आणि त्याखाली शिफ्ट इन्चार्ज. असिस्टंट मॅनेजर एकूण आठ: प्रॉडक्शनला 3, मेंटेनन्सला 2, क्वालिटीला 2, स्टोअरला 1. शिफ्ट इन्चार्ज 18. आता असिस्टंट मॅनेजरची पायरी काढायची आहे. आठांपैकी चौघं तांत्रिक कामावर राहतील, चौघांना कंपनी सोडावी लागेल.

## 1. कारण एका वाक्यात लिहा, आणि ते शिफ्ट इन्चार्जला वाचून दाखवता येईल असं लिहा

व्यवस्थापनाच्या सादरीकरणातली वाक्यं तशीच खाली उतरवली, तर इथेच पाय घसरतो. "अधिक चपळ संघटन" असं म्हटलं की शॉपफ्लोअरवर एकच अर्थ निघतो: हे काही तरी लपवताहेत. खरं कारण बहुतेक वेळा दोन भागांचं असतं, आणि दोन्ही भाग सांगावे लागतात.

आमच्या उदाहरणात ते असं लिहिता येईल: "एका कामाला चार सह्या लागतात, त्यामुळे मशिन बंद राहते. शिवाय या पायरीचा खर्च कंपनीला पुढे परवडणारा नाही. म्हणून असिस्टंट मॅनेजर हे पद 1 तारखेपासून नसेल."

पैसे वाचवणं हे कारण असेल तर ते गाळू नका. ते गाळलं आणि महिन्याभरात वरच्या केबिनसाठी नवीन फर्निचर आलं, तर पुढची दोन वर्षं तुमच्या कुठल्याही नोटिशीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि त्या फर्निचरची ऑर्डर आधीच दिली असेल, तर ती थांबवा.

तपासा: हे वाक्य चारही मॅनेजरांकडून वेगवेगळं बोलून घ्या, कागद न बघता. चौघांचा सूर वेगळा निघाला तर अजून तारीख ठरवू नका.

## 2. प्रत्येक माणसाचा एक कागद तयार करा

सांगायच्या दिवशी "पैशांचं नंतर बघू" असं म्हणावं लागलं, तर तुमची तयारी झालेली नाही. आठ माणसांचे आठ कागद हवेत. शेवटचा दिवस, नोटीस की नोटिशीच्या बदल्यात पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, कंपनीकडून जास्तीचं काही मिळणार असेल तर तो आकडा, विमा कधीपर्यंत चालू, आणि पत्र कोणत्या तारखेचं, एवढं त्यावर असावं.

ग्रॅच्युइटीचा आकडा समोर ठेवा, सूत्र तोंडी सांगू नका. समजा एकाचं शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 42,000 रुपये आहे आणि नोकरी 10 वर्षं 8 महिने झाली आहे. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून 11 वर्षं. मग 42,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 11, म्हणजे सुमारे 2,66,538 रुपये. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांत 'वेतन' या शब्दाची व्याख्याच बदलली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असले, तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो. म्हणून ज्यांच्या पगारात मूळ वेतन कमी आणि भत्ते भरपूर आहेत, त्यांचा हिशेब जुन्या एक्सेलमधून काढू नका. रक्कम वाढू शकते, आणि ती वाढल्याचं त्या माणसाच्या वकिलाकडून कळणं वाईट.

दोन मुदती कागदावर ठळक लिहा. काम सुटल्यावर राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. "फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी" ही जुनी सवय इथे चालत नाही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजर' छापलं म्हणून माणूस कायद्यापुढे मॅनेजर ठरत नाही. बघितलं जातं ते प्रत्यक्ष काम. रजा मंजूर करायचा, कारवाई करायचा, माणसं हलवायचा अधिकार त्याला खरोखर होता का? आमच्या आठांत मेंटेनन्सचा एक असिस्टंट मॅनेजर दिवसभर पॅनेलसमोर पाना घेऊन उभा असायचा. त्याच्या हाताखाली नावाला दोन माणसं होती, आणि रजा मात्र मॅनेजरच द्यायचे. अशा माणसाचं मुख्य काम तांत्रिक ठरलं, तर पगार कितीही असो, तो 'कामगार' धरला जाऊ शकतो. 18,000 रुपयांची मर्यादा फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यांना लागू आहे. तो कामगार ठरला तर एक महिन्याची नोटीस, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांची सरासरी मजुरी आणि 'शेवटी आला तो आधी जातो' हा क्रम, सगळं बघावं लागतं. हे कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा, पण सांगण्याच्या आधी. नंतर दाखवलंत तर त्याच्याकडे फक्त निस्तरण्याचं काम उरतं.

सावधान: "राजीनामा लिहून द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील" असं म्हणू नका. आपल्याकडे हे सर्रास चालतं, म्हणून स्पष्ट लिहिते. पद कंपनीनं काढलं आहे, माणसानं सोडलेलं नाही. कागदावर उलटं लिहून घेतलं की तुमचा सगळा प्रामाणिक निरोप त्या एका सहीनं खोटा ठरतो. दबावाखाली घेतलेल्या राजीनाम्यावर पुढे वाद होतो, तो वेगळाच. पत्रात "पद रद्द झाल्यामुळे" असं लिहा. पुढच्या मुलाखतीत हे शब्द त्याच्या कामीही येतात.

## 3. सह्यांची यादी: कोण काय मंजूर करत होतं

ही पायरी बहुतेक कंपन्यांत होतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती कळते. एका ठिकाणी घोषणा छान झाली होती. दुसऱ्या दिवशी डिस्पॅचचा ट्रक गेटवर दोन तास उभा राहिला, कारण गेटपासवर ज्याची सही चालायची तो माणूस कालच गेला होता. ती यादी करणं माझ्याकडे होतं आणि मी ते उद्यावर टाकलं होतं.

यादी सोपी आहे. आठांपैकी प्रत्येकाच्या नावासमोर लिहा: रजा, ओव्हरटाइम, गेटपास, खरेदीचा इंडेंट, स्क्रॅप, कंत्राटदाराच्या हजेरीची सही, सिस्टीममधलं अप्रूव्हल, चावी, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा ॲडमिन कोण. पुढच्या रकान्यात उद्यापासून कोण.

या यादीतून अजून एक गोष्ट कळते. प्रॉडक्शन मॅनेजरकडे आत्तापर्यंत तीन माणसं थेट होती. आता नऊ शिफ्ट इन्चार्ज येतील. नऊ जणांच्या रजा, नऊ जणांची भांडणं आणि त्यात तिसरी पाळी. याचा विचार झाला नसेल तर तुम्ही पायरी काढत नाही, तिचं ओझं एका माणसाच्या डोक्यावर देता. ओव्हरटाइम आणि छोटा इंडेंट मंजूर करायचा अधिकार शिफ्ट इन्चार्जलाच द्या, आणि रुपयांत मर्यादा लिहा. ती लिहिलेली नसेल तर इन्चार्ज घाबरून सगळं वरच पाठवेल आणि मशिन आधीसारखीच बंद राहील.

## 4. दिवस आणि वेळ

साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी सांगू नका. माणूस घरी जातो आणि दीड दिवस त्याला विचारायला कोणी नसतं. पोळा, मारबत, दिवाळी यांच्या आसपासही नको. मार्च ते जून तर शक्य असेल तर टाळाच: विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, आणि फी, पुस्तकं, ॲडमिशन यांचा हिशेब घरोघर त्याच सुमारास असतो. बसतच नसेल तर शेवटचा दिवस पुढे ढकला, सांगणं पुढे ढकलू नका.

एकाच दिवसात सगळ्यांना सांगायचं. आमचा क्रम असा ठरला:

- 9:30 ते 11:30 दोन खोल्या, प्रत्येकी चार भेटी, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या. एका खोलीत प्रॉडक्शन आणि स्टोअर, दुसरीत मेंटेनन्स आणि क्वालिटी. प्रत्येक खोलीत आधी जाणारे दोघं, मग राहणारे दोघं.
- 12:00 आठांपैकी कोणी रजेवर असेल तर त्याच्या मॅनेजरचा फोन. मेसेज नाही, फोन. हे आधी केलं तर बातमी बाहेरून आत येईल, आणि दुपारनंतर केलं तर त्याला बाहेरूनच कळेल.
- 2:15 पहिल्या आणि दुसऱ्या पाळीचे इन्चार्ज एकत्र. दुसऱ्या पाळीवाल्यांना पाऊण तास लवकर बोलवा आणि त्याचे पैसे द्या.
- 2:50 शॉपफ्लोअरवर पाच मिनिटं, पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांना एकदमच. बस सुटायच्या आधी.
- रात्री 11 तिसरी पाळी. मॅनेजर स्वतः येतात.

तिसऱ्या पाळीला नेहमी नोटीस बोर्डवरून कळतं, हे त्यांना पाठ आहे. एक रात्र जागून या, एवढंच. तिच्या इन्चार्जना दुपारी दोनच्या सुमारास फोन करा. सकाळी दहाला केलात तर झोपेतून उठवून सांगाल आणि त्यांना अर्धं आठवेल.

तपासा: मालकांचं किंवा मुख्य कार्यालयाचं अभिनंदनपर ई-मेल त्या दिवशी आपोआप सुटणार नाही ना? मी असं झालेलं पाहिलं आहे. भेट चालू असताना त्या माणसाच्या मोबाइलवर "नव्या रचनेचं स्वागत" आलं.

## 5. बंद दाराआडची भेट

सांगणारा त्याचा रोजचा मॅनेजर. एचआर शेजारी, कागद घेऊन. एचआरनं एकट्यानं सांगितलं तर माणसाला वाटतं, माझा साहेब तोंड लपवतोय. बरेचदा ते खरं असतं.

पहिल्या मिनिटात वाईट बातमी यायला हवी. "घरचं कसं काय, पोरं काय करतात" असं सुरू करून दहा मिनिटांनी वळण घेणं ही दयाळूपणाची फक्त भावना आहे. माणूस दहा मिनिटं अंदाज लावत बसतो. असं म्हणता येतं:

"बसा. एक वाईट बातमी द्यायची आहे. कंपनीनं असिस्टंट मॅनेजर हे पद काढायचं ठरवलं आहे. आठही जागा जाताहेत आणि तुमच्यासाठी दुसरी जागा आमच्याकडे नाही. तुमचा शेवटचा दिवस 30 तारीख. हा निर्णय झालेला आहे, मी तो बदलू शकत नाही."

मग थांबा. शांतता भरून काढायला बोलू नका. अर्धा मिनिट फार लांब वाटतं, तरी थांबा.

पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच येतो: "माझं काय चुकलं?" पदामुळे जातोय तर उत्तर हेच: "तुमचं काम कारण नाही. पद राहिलं नाही." इथे एक मोह होतो. राहणाऱ्या चौघांना निवडलं कसं, हे समजावताना मॅनेजर बोलून जातात, "तसंही मागच्या वर्षी तुमचं रेटिंग जरा..." झालं. आता कारण पद की काम, हे कोणालाच कळणार नाही, कोर्टालाही नाही.

मग लगेच दुसरा प्रश्न: "मग तो राहिला आणि मी का नाही?" याचं खरं उत्तर तयार ठेवा. निवडीचा निकष आधी लिहून ठेवलेला असेल तरच ते देता येतं. आमच्या उदाहरणात निकष होता, कोणत्या तांत्रिक जागा लागणार आणि त्यांचं प्रमाणपत्र किंवा अनुभव कोणाकडे. "डाय मेंटेनन्सची एक जागा आहे, त्यासाठी टूलरूमचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे नाही" हे ऐकायला कडू आहे, पण त्यावर भांडता येतं, तपासता येतं. "मॅनेजमेंटचा निर्णय" यावर फक्त चिडता येतं.

ही तीन वाक्यं कोणत्याही खोलीत नकोत. "आपण एक कुटुंब आहोत" हे नको, कारण कुटुंबातून कोणी पद रद्द करून काढत नाही. "मला तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय" हे नको, खरं नाही म्हणून. आणि "पुढे जागा निघाली तर पहिला फोन तुम्हाला" हे जागा निघणार असल्याचं ठाऊक नसेल तर नको. नागपुरात माणूस त्या फोनची वाट पाहत पुण्याची ऑफर सोडतो, हे मी पाहिलं आहे.

आकड्यांचा कागद हातात द्या, पण त्याच वेळी समजावत बसू नका. डोक्यात काही शिरत नसतं. दुसऱ्या दिवसाची वेळ ठरवा, हवं तर बायकोला किंवा भावाला घेऊन या म्हणा. कंपनीचा गट विमा शेवटच्या दिवसानंतर बंद होत असेल तर ते मात्र तेव्हाच सांगा. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण त्यासाठी अर्ज वेळेत करावा लागतो. घरात ऑपरेशन ठरलेलं असेल तर ही माहिती ग्रॅच्युइटीपेक्षा मोठी आहे.

सावधान: भेट संपताच सिक्युरिटीवाल्याला दारात उभं करू नका. लॅपटॉप आणि चाव्या परत करायची वेळ त्यालाच विचारा. आणि त्या दिवशी त्याला कंपनीच्या बसनं घरी जायला लावू नका. एक गाडी सांगून ठेवा.

## 6. राहणाऱ्या चौघांना काय सांगायचं

इथे गोड बोलून फसवण्याची सवय आहे. "तुम्हाला नवीन, महत्त्वाची जबाबदारी." हाताखालची माणसं गेली, हे त्यांना संध्याकाळी बायकोला सांगायचं असतं, आणि तिला ते महत्त्वाचं वाटत नाही. सरळ सांगा: पद जातंय, हाताखाली माणसं राहणार नाहीत, पगार तोच राहील (राहणार असेल तर, आणि किती काळ हेही), पदनाम हे असेल, रिपोर्टिंग यांना. नको असेल तर जाणाऱ्या चौघांच्याच अटींवर सोडता येईल का, हेही ठरवून ठेवा. आठ दिवस विचार करायला द्या.

## 7. इन्चार्ज आणि शॉपफ्लोअर

इन्चार्जच्या मीटिंगमध्ये पाच गोष्टी पुरतात: काय झालं, का झालं, तुमचा साहेब आता कोण, कोणती सही कोणाची, आणि जाणाऱ्यांना काय मिळतंय. शेवटचा मुद्दा आकड्यांत नको, पण "कायद्यानं आणि त्यावर एवढं" इतकं तरी सांगा. राहणारे याच वागणुकीवरून स्वतःचा अंदाज बांधतात.

कोणीतरी विचारेलच, "आता पुढचा नंबर आमचा का, साहेब?" "नाही, बिलकुल नाही" असं म्हणायची हौस आवरा. ठरलं असेल तेवढंच म्हणा: "इन्चार्जच्या जागांबद्दल असा कोणताही प्रस्ताव आज नाही. झाला तर तुम्हाला माझ्याकडून कळेल, बसमध्ये नाही." या उत्तरावर कोणी टाळ्या वाजवत नाही. पण सहा महिन्यांनी ते खोटं ठरत नाही.

शॉपफ्लोअरवर माइक नको. मॅनेजरनं उभ्यानं मराठीत आणि हिंदीत सांगावं, कारण कंत्राटी माणसांत दोन्ही बोलणारे असतात. जाणाऱ्या चौघांची नावं घ्यायची की नाही, हे त्यांनाच सकाळी विचारून ठेवा.

## 8. पहिले तीस दिवस

पहिल्या आठवड्यात प्रॉडक्शन मॅनेजरनं प्रत्येक इन्चार्जला दहा मिनिटं द्यावीत, पाळीच्या सुरुवातीला, त्याच्या मशिनपाशी. केबिनमध्ये बोलावलं तर ते येतात आणि "सब ठीक है" म्हणून जातात.

काम बिघडतंय हे कळायच्या दोन खुणा आहेत. एक, रजेचे अर्ज मंजुरीविना तीन दिवसांपेक्षा जास्त पडून राहणं. दुसरी, लोक अजूनही जुन्या असिस्टंट मॅनेजरलाच विचारून काम करणं. तांत्रिक जागेवर राहिलेला माणूस गुपचूप जुनंच काम करतोय असं दिसलं, तर त्याला रागावू नका. बहुधा नवीन साहेब उपलब्ध नसतो.

गेलेल्या चौघांच्या बाबतीत एचआरनं कॅलेंडरवर तीन खुणा कराव्यात. दुसऱ्या कामाच्या दिवशी वेतन जमा झालं का. तिसाव्या दिवसाच्या आत ग्रॅच्युइटी मिळाली का. आणि पीएफच्या पोर्टलवर त्यांची नोकरी सोडल्याची तारीख भरली का, कारण ती भरली नाही तर पैसे काढायला आणि नव्या नोकरीत खातं हलवायला अडतं, आणि त्यासाठी तो माणूस पुन्हा गेटवर येऊन पास बनवतो. ही तारीख त्याच आठवड्यात भरा आणि भरल्याचं त्याला फोन करून सांगा.